टॅगच्या फोटोवरून गादीचा फोम, डेन्सिटी आणि ब्रँड कसा ओळखावा

घरातली जुनी गादी अंगाला मानवलेली असते आणि नवी घ्यायची वेळ आली की सगळ्यांना "तशीच" हवी असते. गादी असते गावाकडं, खरेदी करणारा असतो छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला. मग घरचं कुणीतरी गादीच्या कडेला शिवलेल्या टॅगचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतं. फोटो धूसर, अक्षरं अर्धी पुसलेली. दुकानदार तो बघून म्हणतो, "हां, हीच आहे आपल्याकडं." त्या "हीच"वर विसंबून सात-आठ हजार घालवण्याआधी त्याच फोटोतून बरंच काही काढता येतं. जे निघत नाही ते वजनकाटा सांगतो. हा लेख त्याबद्दल आहे, आणि मुख्यतः घराघरांत दिसणाऱ्या फोमच्या गादीबद्दल. स्प्रिंगच्या गादीचा हिशोब वेगळा असतो, तो इथं घेतलेला नाही.

आधी फोटो नीट मागवा

एकच फोटो आला असेल तर त्यावर डोळे ताणत बसू नका, दुसरे मागवा. टॅग बहुतेक वेळा पायथ्याच्या बाजूला, कडेच्या पट्टीच्या शिवणीत असतो. कधी एका कोपऱ्यात आतल्या अंगाला वळलेला असतो. फोटो काढणाऱ्याला सांगा की गादी खिडकीजवळ किंवा अंगणात आणा, टॅग बोटांनी ताणून सपाट धरा आणि उजेड एका बाजूनं येऊ द्या. फ्लॅश नको. टॅग साटीनचा असतो, फ्लॅश त्यावर चमकतो आणि नेमके आकडेच पांढरे पडतात. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, कारण साधा फोटो पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं आणि तीन व आठ यांच्यातला फरक तिथंच जातो.

टॅगच्या दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. टॅग दोन प्रकारचे असतात, छापलेले आणि विणलेले. छापलेल्या टॅगची शाई घासून जाते. विणलेल्या टॅगमध्ये अक्षरं धाग्याचीच असतात, त्यामुळं पुढची बाजू मळली तरी मागच्या बाजूला तीच अक्षरं उलटी, आरशात दिसावी तशी उमटलेली असतात. मागच्या बाजूचा फोटो फोनमध्ये आडवा पलटवला की ती वाचता येतात. फोटोच्या एडिटमध्ये जाऊन रंग काढून टाका आणि काँट्रास्ट वाढवा, फिकट शाईही बरीच वर येते.

याच्यासोबत आणखी दोन फोटो मागवा. एक, गादीला चेन असेल तर ती वीतभर उघडून आतल्या थरांचा, शेजारी टेप धरून. दोन, घरात बिल किंवा वॉरंटी कार्ड सापडलं तर त्याचा. चेन नसेल तर शिवण उसवायची गरज नाही.

टॅगवर काय असतं आणि काय नसतं

पॅकबंद मालावर काय लिहायलाच हवं हे २०११ च्या वैध मापन (पॅकबंद वस्तू) नियमांत ठरलेलं आहे. बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं सर्वसाधारण नाव, माप, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क, असं त्यात येतं. यात डेन्सिटी नाही. कंपनीला वाटलं तर ती लिहिते, नाहीतर नाही. म्हणून टॅगवर डेन्सिटी सापडली नाही म्हणजे माल नकली, असं समजू नका.

दुसरं असं की हा सगळा मजकूर बऱ्याचदा गादीच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनावर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. वेष्टन पहिल्याच दिवशी फाडून फेकलं जातं. कापडात शिवलेल्या टॅगवर मग उरतं ते ब्रँडचं नाव, मॉडेल, माप आणि क्वचित थरांची नावं. जुन्या गादीचा फोटो वाचताना म्हणूनच थोडक्यावर भागवावं लागतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती आकड्यांची. टॅगवर "१०० टक्के पॉलिस्टर" दिसलं की लोक समजतात आतलं सामान पॉलिस्टरचं आहे. ते वरच्या कापडाचं वर्णन असतं, फोमचं नाही. त्याच ओळीत "२२० जीएसएम" असेल तर तेही कापडाचंच वजन, एका चौरस मीटरला इतके ग्रॅम. जीएसएमचा आकडा डेन्सिटी म्हणून सांगणारे विक्रेते भेटतात, काही जाणून आणि काही खरोखरच न कळून. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. आकड्यापुढं केजी, घनमीटर किंवा नुसतं इंग्रजी डी असेल तर ती डेन्सिटी. आयएलडी किंवा आयएफडी असेल तर तो कडकपणा, म्हणजे फोम ठरावीक दाबायला किती जोर लागतो ते. ४० डेन्सिटीचा फोम मऊही असतो आणि कडकही. डेन्सिटीवरून गादी किती टिकेल याचा अंदाज येतो, अंगाला कशी लागेल याचा येत नाही. दुकानात हे दोन्ही एकच असल्यासारखं बोललं जातं, तिथं थांबवून विचारावं.

पुसलेलं माप वाचायला एक सोय आहे. गाद्यांची लांबी इंचांत बहुधा ७२, ७५ किंवा ७८ असते, रुंदी ३०, ३५, ३६, ४२, ४८, ६० किंवा ७२. सात आणि पुढं काहीतरी एवढंच दिसत असलं तरी टेप लावून कोणतं ते लगेच ठरतं. काही टॅगवर माप सेंटिमीटर किंवा मिलिमीटरमध्ये असतं. १८३ किंवा १८३० दिसलं तर ते ७२ इंचच.

फोमचं नाव ओळखणं

थरांची नावं टॅगवर इंग्रजी आद्याक्षरांत असतात. पीयू किंवा पीयूएफ म्हणजे साधा पॉलियुरेथेन फोम. गाद्यांत तो साधारण २० ते ४० डेन्सिटीचा वापरतात. एचआर म्हणजे त्याच घराण्यातला जास्त उसळी देणारा फोम. मेमरी फोमला एमएफ लिहितात. बीएफ, आरबी, बॉन्डेड, रिबॉन्डेड ही सगळी एकाच वस्तूची नावं आहेत: फोमचे तुकडे डिंकानं एकत्र दाबून केलेला कडक, जड ठोकळा, साधारण ८० ते १२० डेन्सिटीचा. पाठीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक कडक गाद्यांचा खालचा थर हाच असतो. आरसी म्हणजे रबर मारलेला काथ्या. ईपी किंवा ईपीई म्हणजे पांढरा, हलका, प्लॅस्टिकसारखा लागणारा थर. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा. उंची आणि कडकपणा स्वस्तात मिळवायला तो घालतात, आणि रोजच्या वजनाखाली तो एकदा दबला की पुन्हा वर येत नाही.

"ऑर्थो", "एचडी", "सुपर सॉफ्ट", "लेटेक्स लाइक" हे फोमचे प्रकार नाहीत. ऑर्थोला कुठलीही ठरलेली व्याख्या नाही. लेटेक्स लाइक म्हणजे पीयूच, रबराच्या झाडाशी त्याचा संबंध नाही. टॅगवर सर्टीपूर असं चिन्ह असेल तर त्यावरून एवढंच कळतं की फोम पॉलियुरेथेन जातीचा आहे आणि काही घातक रसायनांसाठी तपासलेला आहे. डेन्सिटीबद्दल ते चिन्ह काही सांगत नाही.

आयएसआय चिन्ह असेल तर मात्र नशीब चांगलं. चिन्हाच्या वर भारतीय मानकाचा क्रमांक असतो. ७९३३ हा घरगुती गाद्यांच्या पॉलियुरेथेन फोमचा, ८३९१ हा रबर मारलेल्या काथ्याचा. खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो BIS Care ॲपमध्ये टाकला की परवाना कोणत्या कंपनीचा, कोणत्या कारखान्याचा आणि चालू आहे की नाही हे दिसतं. पुसलेल्या नावाचा ब्रँड शोधायला याहून खात्रीचा धागा नाही. पण बऱ्याच गाद्यांवर हे चिन्ह नसतंच.

बिलाचा फोटो मिळाला तर त्यावरचा एचएसएन क्रमांक बघा. ९४०४२१ ने सुरू होत असेल तर गादी रबर किंवा प्लॅस्टिकच्या फोमची म्हणून विकलेली आहे, ९४०४२९ असेल तर इतर सामानाची, म्हणजे स्प्रिंग वगैरे. छोटी दुकानं हा क्रमांक सवयीनं टाकतात, त्यामुळं याला पुरावा न मानता दुजोरा माना.

चेन उघडलेल्या फोटोवरून टॅगची पडताळणी होते. बॉन्डेडमध्ये रंगीबेरंगी तुकडे स्पष्ट दिसतात, त्यात चूक होऊच शकत नाही. काथ्या तपकिरी आणि तंतुमय. खऱ्या लेटेक्समध्ये बहुधा पेन्सिल जाईल अशी गोल भोकं ओळीनं असतात आणि तो हाताला रबरासारखा लागतो. पीयू, एचआर आणि मेमरी हे तिघं फोटोत सारखेच दिसतात. तिथं घरच्यांना अंगठा दाबून बघायला सांगा. अंगठा काढल्यावर खळगा हळूहळू भरला तर मेमरी, लगेच भरला तर पीयू किंवा एचआर. रंगावरून काही ठरवू नका. फोमला रंग कंपनी आपल्या मनानं घालते, एकीचा निळा ३२ असतो तर दुसरीचा ४०.

मेमरी फोमबद्दल आपल्याकडं एक गोष्ट जास्त लक्षात ठेवावी. हा फोम उष्णतेनं मऊ पडतो आणि थंडीत घट्ट होतो. दुकानातल्या एसीत झोपून बघितलेली गादी परभणीच्या मे महिन्यात, पंख्याखाली, तशी लागणार नाही, अंग जास्त आत जाईल. जुनी गादी मेमरीची असेल तर "तशीच" कोणत्या महिन्यातली, हे घरच्यांना विचारून घ्या.

ब्रँड: टॅगवरची दोन-तीन नावं वेगळी करा

टॅगवर एकाहून जास्त नावं असतात आणि त्यांची कामं वेगळी असतात. "मॅन्युफॅक्चर्ड बाय"पुढचं नाव बनवणाऱ्याचं, "मार्केटेड बाय"पुढचं विकणाऱ्याचं. वर मोठ्या अक्षरांत असतो तो ब्रँड. याशिवाय आपल्या भागात बऱ्याच गाद्या स्थानिक कारागीर तयार करून देतात. ते मोठ्या कंपनीचा फोमशीट आणतात, वर आपलं कव्हर शिवतात, आणि कधी फोमवर त्या कंपनीचा शिक्का दिसतो. अशा गादीचा फोम ब्रँडेड असतो पण गादी त्या ब्रँडची नसते. त्या ब्रँडच्या शोरूममध्ये जाऊन "हीच द्या" म्हटलं तर ती मिळणार नाही, कारण त्यांनी ती कधी बनवलेलीच नाही. यात कमीपणा काही नाही. उलट तो कारागीर गावात असेल तर त्याच्याकडूनच तेच थर पुन्हा लावून घेणं सगळ्यात सोपं.

नावातला फरक दर वेळी फसवणुकीचा नसतो. स्लीपवेल हा शीला फोम या कंपनीचा ब्रँड आहे, आणि याच कंपनीनं २०२३ मध्ये कर्लऑन विकत घेतली. त्यामुळं जुन्या कर्लऑनच्या टॅगवर एका कंपनीचं नाव असेल आणि आजच्या मालाच्या कागदांवर दुसरीचं. उलट, ओळखीच्या ब्रँडला एखादं अक्षर जोडून किंवा स्पेलिंग बदलून केलेली नावंही बाजारात आहेत. फोटोत नाव अर्धं पुसलं असेल तर उरलेली अक्षरं ओळखीच्या नावात कोंबू नका. अक्षरं मोजा, त्यांच्यामधलं अंतर बघा, आणि मग पत्त्याची ओळ वाचा. पत्ता कमी वापरला जातो, पण त्यातलं गाव आणि पिनकोड अनेकदा नावापेक्षा स्पष्ट उरलेले असतात.

मॉडेलचं नाव सापडलं तरी त्यावर फार भिस्त ठेवू नका. कंपन्या तेच नाव ठेवून आतले थर बदलतात. जुळवायचे आहेत ते थर.

वजनानं डेन्सिटी काढणं

टॅगवर डेन्सिटी असो वा नसो, गादीचं वजन घ्याच. हिशोब सोपा आहे. एका घनमीटरमध्ये साधारण ६१,००० घनइंच असतात. म्हणून:

```
डेन्सिटी = फोमचं वजन (किलो) × 61000 ÷ (लांबी × रुंदी × जाडी, इंचांत)
```

७२ बाय ३६ बाय ५ ची गादी घेतली तर गुणाकार १२,९६० येतो, म्हणजे ०.२१२५ घनमीटर. इतक्या आकाराचा ३२ डेन्सिटीचा नुसता फोम ६.८ किलो भरेल, ४० डेन्सिटीचा ८.५ किलो, आणि ९० डेन्सिटीचा बॉन्डेड १९ किलोच्या थोडा वर. कव्हरचे साधारण दीड किलो वेगळे धरा, त्यावर शिवलेला पातळ फोम जास्त असेल तर आणखी थोडं. हे आकडे एकमेकांपासून इतके लांब आहेत की घरगुती काट्यावरही फरक लपत नाही.

वजन घ्यायला बाथरूमचा काटा पुरतो. माणूस गादी धरून काट्यावर उभा राहतो, मग एकटा उभा राहतो, आणि एकातून दुसरं वजा करायचं. जड गादीला मोंढ्यातला किंवा भंगारवाल्याचा इलेक्ट्रिक काटा बरा. जाडी मात्र आज मोजलेली घेऊ नका, टॅगवरची घ्या. जुना फोम बसलेला असतो, आजची साडेचार इंच जाडी धरली तर डेन्सिटी उगाच जास्त येईल. गादी दमट असेल तर आधी सावलीत चांगली वाळू द्या. कापसाच्या गादीसारखी ती गच्चीवर कडक उन्हात टाकू नये, फोम उन्हानं पिवळा पडतो आणि पुढं भुरभुरतो.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. काही स्वस्त फोममध्ये वजन वाढवायला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची भुकटी घातलेली असते. असा फोम काट्यावर ४० भरतो आणि टिकायला ४० सारखा टिकत नाही. कापलेल्या कडेवर बोट घासलं तर बारीक पांढरी पूड लागते, आणि दाबून सोडल्यावर उसळी मंद असते. वजन पास झालं तरी ही घासून बघायची खूण करावी.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत

औशाला माझी आत्या एका कडक गादीवर बरीच वर्षं झोपते. आत्तेभावाला तशीच दुसरी लातूरहून घ्यायची होती. त्यानं पाठवलेल्या टॅगच्या फोटोत ब्रँडची ओळ पूर्ण गेलेली होती. उरलं होतं एवढंच:

```
SIZE    : 72 X 36 X 5
CORE    : BF / PUF
DENSITY : ?0 / 32
COVER   : 100% POLYESTER 2?0 GSM
```

प्रश्नचिन्हाच्या जागी एक गोल अक्षर होतं, ते आठ, नऊ किंवा तीन यांपैकी काहीही असू शकलं असतं. भाऊ म्हणाला, "तीसच असेल, बत्तीसच्या शेजारी तीस." पण बॉन्डेड फोम ३० चा नसतो. म्हणजे उरले ८० आणि ९०.

चेन उघडून टेप लावल्यावर खाली चार इंच रंगीबेरंगी बॉन्डेड आणि वर एक इंच पिवळट पीयू दिसला. ३२ हा आकडा वरच्या पीयूचा, हे इथं पक्कं झालं. गादी सावलीत वाळवून भावानं ती शेजारच्या आडत दुकानातल्या काट्यावर ठेवली. वजन १८.२ किलो.

आता हिशोब. या मापाचा एक इंच जाडीचा थर म्हणजे ०.०४२५ घनमीटर. वरचा पीयू ३२ नं गुणला की १.३६ किलो. कव्हर दीड किलो. दोन्ही वजा केले की खालच्या चार इंचांना १५.३ किलो उरतात. चार इंच म्हणजे ०.१७ घनमीटर, आणि १५.३ भागिले ०.१७ म्हणजे ९०. बॉन्डेड ८० चा असता तर सगळी गादी साडेसोळा किलो भरली असती. कव्हरच्या अंदाजात अर्ध्या किलोची चूक धरली तरी डेन्सिटी तीननं इकडं-तिकडं होते, दहानं नाही. म्हणून ९०.

हातात आता ब्रँड नव्हता, पण जे हवं ते होतं: खाली चार इंच ९० चा बॉन्डेड, वर एक इंच ३२ चा पीयू. एवढं कागदावर लिहून आम्ही लातुरात फिरलो. एका दुकानात अगदी तशीच दिसणारी पाच इंची "ऑर्थो" गादी होती. दुकानदार म्हणाला, "शंभर डेन्सिटी आहे, साहेब." काट्यावर ती भरली १२.४ किलो. कव्हर आणि एक इंच पीयू वजा केला तर चार इंचांना साडेनऊ किलो उरत होते, म्हणजे ५६. इतका हलका बॉन्डेड सहसा नसतो, त्यामुळं आत दुसरं काहीतरी असणार हे चेन उघडायच्या आधीच कळलं. उघडल्यावर दोन इंच बॉन्डेड आणि त्याखाली दोन इंच पांढरा ईपीई निघाला. वरून दाबलं तर तीही कडकच लागत होती. अंगानं हा फरक दुकानात कळत नाही, दोन वर्षांनी मधोमध खड्डा पडला की कळतो.

दुसरीकडं थर आणि वजन दोन्ही जुळणारी गादी मिळाली, काट्यावर १८ किलोच्या जरा वर. आत्याला पहिल्या आठवड्यात ती जुनीपेक्षा कडक वाटली. हे होणारच होतं. फोम वापरानं मऊ पडत जातो, आणि आपल्याला आवडलेली असते ती वापरून मऊ झालेली गादी. नवी त्याच आकड्यांची घेतली तरी ती जुनीच्या पहिल्या दिवसाशी जुळते, आजच्या दिवसाशी नाही. ज्याला आजचाच मऊपणा हवा आहे त्यानं खालचा थर तोच ठेवून वरचा पीयू दीड ते दोन इंचांचा बघावा. खालच्या थराची डेन्सिटी उतरवून मऊपणा मिळवू नये.

दुकानात आणि घरी पोचल्यावर

ज्याच्यासाठी गादी आहे त्याला शक्य असेल तर दुकानात न्या आणि पाठीवर व कुशीवर मिळून दहा-पंधरा मिनिटं झोपू द्या. नुसतं बसून किंवा तळहातानं दाबून कडकपणा कळत नाही. बसलेल्या माणसाचं सगळं वजन एका जागी येतं आणि चांगली गादीही मऊ वाटते. डिस्प्लेवरची गादी बघून पसंत केली असेल तर येणारी गादी तीच असेल असं नाही, म्हणून बिलावर थरांची जाडी आणि प्रत्येक थराची डेन्सिटी लिहून घ्या. नुसतं "५ इंच ऑर्थो" असं बिल तक्रारीच्या वेळी काही कामाचं नाही. दुकानदार डेन्सिटी लिहायला नको म्हणत असेल तर गादीचं वजन लिहून मागा. वजन लिहायला सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि तुम्हाला तेवढंच पुरतं.

गादी घरी आल्यावर वेष्टन फाडायच्या आधी त्यावरच्या स्टिकरचा एक फोटो घ्या, वजन करा, आणि दोन्ही घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. गुंडाळून हवा काढून आलेली गादी असेल तर वजन लगेच घेता येतं, पण जाडी लगेच मोजू नका. ती सपाट पसरून दोन-तीन दिवस मोकळी राहू द्या, तेवढ्या वेळात फोम पूर्ण फुगतो. त्यानंतर चार कोपऱ्यांत आणि मधोमध टेप लावा. पाच इंची गादी पाव इंचानं कमी भरली तर चालवून घ्यावं. अर्ध्या इंचाहून जास्त कमी असेल तर टेपसकट फोटो काढून त्याच आठवड्यात दुकानदाराला दाखवा.